मूठभर फॉन्टांत मराठी पोस्टर देखणं कसं बसवावं

प्रश्न: औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी पोस्टर करते. मोफत ऑनलाइन पोस्टर-मेकर वापरते. त्यात फॉन्ट शेकडो दिसतात, पण मराठी टाकलं की सगळे सारखेच दिसतात. तयार डिझाइनमध्ये मराठी घातलं की त्याची रया जाते. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाचं पोस्टर करायचंय. विकतचे फॉन्ट घेणं परवडत नाही. आहे त्यात चांगलं कसं करू?

ताई, आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. कोरं पान उघडा, एकाच टेक्स्ट बॉक्समध्ये वाचनालय ABC असं टाइप करा आणि यादीतले फॉन्ट एकेक करून बदलत चला. बहुतेक फॉन्टांना ABC बदलेल, पण 'वाचनालय' जसंच्या तसं राहील. म्हणजे त्या फॉन्टात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग पोस्टर-मेकर आपल्याकडच्या एका ठरावीक मराठी फॉन्टातून अक्षरं उसनी आणतो आणि तुम्हाला सांगत नाही. तुम्ही वीस फॉन्ट पाहिले असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात पाहिलेला फॉन्ट एकच असतो. म्हणून सगळे सारखे दिसतात.

उसन्या अक्षरांचा आणखी एक त्रास आहे. मोबाईलवर एक फॉन्ट उसना येतो, लॅपटॉपवर कधीकधी दुसराच. अक्षरांची रुंदी बदलते, ओळ भलत्या ठिकाणी तुटते आणि पडद्यावर नीट बसलेलं पोस्टर उतरवून घेतल्यावर वेगळं दिसतं. त्यामुळे ABC बदललं आणि 'वाचनालय' हललं नाही, तर तो फॉन्ट मराठीसाठी कायमचा सोडून द्यायचा.

आता शोधाच्या चौकटीत नावं टाकून बघा: Mukta, Khand, Teko, Hind, Baloo 2, Yatra One, Rozha One, Kalam, Tiro Devanagari Marathi, Noto Sans Devanagari. यांत देवनागरी खरोखर आहे आणि हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, म्हणून मोफत साधनांत सहसा यांतलेच सापडतात. तुमच्याकडे दहाही नसतील. चार मिळाले तरी पोस्टर होतं, कारण एका पोस्टरला दोनापेक्षा जास्त लागतच नाहीत.

जे मिळतील त्यांची दुसरी परीक्षा घ्या. ही ओळ मोठ्या अक्षरात टाका:

```
मुक्ति श्री ज्ञ ऱ्या ॲ ल श विद्यार्थ्यांना १७
```

आता पडदा मोठा करून एकेक अक्षर बघा. 'मुक्ति'मधली वेलांटी सगळ्यात आधी. ऱ्हस्व वेलांटीचा काना अक्षराच्या आधी उभा असतो आणि तिची कमान पुढच्या अक्षरावर झुकते. 'क्ति'मध्ये तिच्यासमोर अर्धा क आणि पूर्ण त अशी रुंद जोडी असते. चांगल्या फॉन्टात कमान लांब होऊन त-च्या दांडीपर्यंत पोचते. कच्च्या फॉन्टात ती क-च्या डोक्यावरच संपते आणि डोळा अडखळतो, 'कि' वाचू की 'क्ति'. बारा पॉइंटाच्या मजकुरात हे खपून जातं. पण तुमच्या हेडिंगमध्ये हेच अक्षर वीतभर होणार आहे.

मग 'ऱ्या'. शेतकऱ्यांना, गावकऱ्यांना, पायऱ्या, आपलं पोस्टर या अक्षराशिवाय निघत नाही. कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग या. साधा र घेतला तर तो रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो आणि 'गावकर्यांना' असं चुकीचं दिसतं. बरोबर टाइप करूनही चंद्रकोरीसारखा अर्धा र येत नसेल, ऱ आणि या मध्ये पाय मोडलेले सुटे दिसत असतील, तर फॉन्टात ते जोडाक्षर नाही. तो फॉन्ट बाद. 'ॲ'च्या जागी चौकोन आला किंवा तेवढंच अक्षर वेगळ्या जाडीचं दिसलं, तर तेवढं उसनं आलंय. ॲ असलेला शब्द पोस्टरवर असेल तर तो फॉन्ट टाळा.

'ल' आणि 'श' यांचं वळणही बघा. मराठीत आपण पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहितो, शासनाची मराठी वर्णमालाही तेच रूप धरते. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मराठी रूप यायला मजकूर मराठी आहे हे साधनाने फॉन्टला सांगावं लागतं आणि मोफत साधनं ते सांगत नाहीत. मग दांडीचा हिंदी ल येतो. छोट्या मजकुरात मी ते चालवून घेतो, पण 'लातूर' हेच हेडिंग असेल तर चालवून घेत नाही. अशा वेळी Tiro Devanagari Marathi उपयोगी पडतो, त्यात मराठी वळणच मुळात धरलेलं आहे.

कोणते दोन घ्यावेत? मी तुमच्या जागी असतो तर हेडिंगला Khand आणि बाकी सगळ्याला Mukta घेतला असता. Khand अंगाने अरुंद आणि जाड आहे. मराठी शब्द लांब असतात. 'मुक्तिसंग्राम' एका ओळीत बसवायचा तर रुंद फॉन्टात तो बारीक करावा लागतो, Khandमध्ये तोच शब्द बराच मोठा राहतो. Mukta साधा, मोकळ्या वळणाचा फॉन्ट आहे आणि त्यात अगदी सडपातळपासून अगदी जाडपर्यंत सात वजनं आहेत. एकाच फॉन्टाची जाड आणि बारीक वजनं शेजारीशेजारी आली की पोस्टरवर दोन वेगळे आवाज तयार होतात आणि तरी घर एकच वाटतं. यासाठी यादीत Mukta उघडून Bold, ExtraBold असं खरं वजन निवडायचं. फॉन्टात जाड वजन नसताना वरचं B बटण दाबलं तर साधन आहे तेच अक्षर फुगवतं. म, भ यांच्या गाठी भरून जातात आणि अक्षर शाई पसरल्यासारखं दिसतं.

Yatra One मला मनापासून आवडतो. मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलेला आहे, त्यात ब्रशचा तिरका कट आहे. जत्रा, नाटक, खाद्यमहोत्सव यांना तो खुलतो. मुक्तिसंग्रामाच्या व्याख्यानाला मात्र तो जरा नाचरा पडेल. Baloo 2 गुबगुबीत आहे, बालवाचकांच्या कार्यक्रमाला तो ठेवा. Kalam हस्ताक्षरासारखा आहे, एखादी ओळ पुरे.

आता रया का जाते ते सांगतो. तयार डिझाइन इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी बांधलेलं असतं. कॅपिटल अक्षरांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही, एकमेकांना धरून ठेवणारी शिरोरेघ नाही. म्हणून तिथे अक्षरांमध्ये मुद्दाम जागा सोडलेली असते आणि ओळी अगदी चिकटवलेल्या असतात. त्यावर तुम्ही मराठी टाकता तेव्हा दोन्ही गोष्टी उलट्या पडतात. अक्षरांतल्या जागेमुळे शिरोरेघ तुटते आणि 'वाचनालय'चं वा, च, ना, ल, य होतं. ओळी चिकटल्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. म्हणून मराठी टाकल्यावर पहिलं काम म्हणजे अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणणं. शून्याच्या खालीही नेऊ नका, काने एकमेकांवर चढतात. ओळींमधलं अंतर साध्या मजकुराला १.३ ते १.४च्या आसपास ठेवा. हेडिंगला मात्र हा आकडा लावू नका, हेडिंगच्या ओळी हाताने बसवायच्या असतात. तुमचंच पोस्टर घेऊन ते दाखवतो.

पान १०८० बाय १३५० पिक्सेलचं घ्या. मोबाईलवर उभं छान दिसतं आणि वाचनालयाच्या फलकावरही लावता येतं. चारही बाजूंनी ८० पिक्सेल मोकळे सोडा, म्हणजे कामाची रुंदी ९२० उरते. मजकूर समजा असा आहे: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर, व्याख्यानाचा विषय 'मुक्तिसंग्रामातल्या स्त्रिया', वक्त्यांचं नाव, सायंकाळी ५ वाजता, स्थळ वाचनालय, सर्व गावकऱ्यांना आमंत्रण. हेडिंगमध्ये 'मुक्ति' ऱ्हस्वच ठेवा, सामासिक शब्दात ती ऱ्हस्व राहते. अनेक फलकांवर दीर्घ दिसते आणि तेवढ्या मोठ्या अक्षरात ती लांबूनही कळते.

हेडिंगचे तीन शब्द तीन वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाका. एकाच बॉक्समध्ये ठेवले तर ओळींचं अंतर तिन्हींना एकच बसतं आणि शब्दांची गरज तर वेगवेगळी आहे. 'मुक्तिसंग्राम' Khandच्या Bold वजनात टाकून तो ९२० पिक्सेल रुंदी भरेपर्यंत कोपऱ्यातून ओढा. साइजचा आकडा किती झाला याकडे बघू नका, रुंदी भरली की तो बरोबर. मग 'मराठवाडा' त्याच साइजला टाका. हे दोन शब्द लांबीला एकमेकांच्या जवळचे आहेत, थोडा फरक उरेल. 'मराठवाडा' जरासा वाढवून दोन्हींच्या कडा जुळवा. हेडिंगचा घट्ट चौकोन तयार होतो आणि निम्मं पोस्टर तिथेच बसतं.

आता या दोन ओळींमधलं अंतर. 'मराठवाडा' नीट बघा, त्यात एकही उकार नाही, शब्दाच्या खाली काहीच लोंबत नाही. खालच्या 'मुक्तिसंग्राम'च्या डोक्यावर दोनच गोष्टी आहेत, क्ति-ची कमान आणि सं-चा अनुस्वार. म्हणून खालचा शब्द बराच वर सरकवता येतो. कमानीचा माथा आणि वरच्या ओळीचा तळ यांत अनुस्वाराच्या टिंबाएवढी फट राहील इथवर आणा आणि थांबा. ही दोन ओळींतली खरी जवळीक कोणत्याही तयार डिझाइनमध्ये मिळणार नाही, कारण ती या दोन शब्दांतूनच निघाली आहे. शब्द बदलले की हिशोबही बदलतो. वर 'मराठवाडा'ऐवजी 'लातूर' असतं तर तू-चा ऊकार खाली आला असता आणि तेवढी फट वाढवावी लागली असती.

'मुक्तिसंग्राम'च्या खाली काय लोंबतंय? फक्त डाव्या टोकाला मु-चा उकार. ग्रा-मधला र ग-च्या दांडीलाच चिकटून आत राहतो. मग 'दिन' उजव्या बाजूला ठेवा, ग्राम-च्या खाली. आकार थोडा लहान, समजा हेडिंगच्या दोन तृतीयांश. डावीकडे उकाराला त्याची मोकळी जागा मिळते. उकार आणि 'दिन' यांच्या मधल्या पट्ट्यात '१७ सप्टेंबर' बसतं, दुसऱ्या रंगात. 'टें'वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही आहेत, म्हणून ही ओळ वर चिकटवू नका. तारीख आणि 'दिन' यांची शिरोरेघ एका पातळीवर आणा. इंग्रजीत ओळी तळाने जुळवतात, मराठी डोळा वरच्या रेघेने जुळवतो. साधनाचं अलाइन बटण बॉक्सच्या कडा जुळवतं, रेघ जुळवत नाही, म्हणून पान दुप्पट-तिप्पट मोठं करून बाणाच्या कळीने एकेक पाऊल सरकवा. आकड्यांना शिरोरेघ नसते, तेव्हा १७चा माथा शिरोरेघेच्या जवळ आलाय ना एवढं डोळ्याने बघा.

उरलेला मजकूर Muktaमध्ये. व्याख्यानाचा विषय ExtraBold, हेडिंगच्या साधारण एक तृतीयांश. वक्त्यांचं नाव त्याच्या खाली, वजन मधलं. वेळ, स्थळ आणि आमंत्रण सगळ्यात लहान, Regular वजनात. सगळं डाव्या कडेने, हेडिंगच्या म-च्या कडेला धरून. लहान अक्षर किती लहान चालेल हे आकड्याने ठरवू नका. पोस्टर स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, उघडा, मोठं न करता हातभर अंतरावरून वाचा. 'गावकऱ्यांना'मधली चंद्रकोर दिसली तर आकार पुरेसा आहे. दिसली नाही तर वाढवा आणि जागेसाठी एखादी ओळ काढून टाका. प्रमुख उपस्थितांची सात-आठ नावं पोस्टरवर घालायचा आग्रह गावोगाव होतो. ती निमंत्रणपत्रिकेत शोभतात, पोस्टरवर ती आली की हेडिंगचा आकार खातात.

रंग दोनच ठेवा. फिकट कागदी पार्श्वभूमीवर काळ्या मातीसारखा गडद रंग अक्षरांना आणि तारखेला ज्वारीच्या कणसासारखा नाही, त्याहून गडद केशरी. फिकट पिवळा फिकट कागदावर उन्हात दिसेनासा होतो.

आता मला सगळ्यात लाडकी असलेली एक युक्ती. फॉन्ट जगभर सगळ्यांना तोच मिळतो, पण शिरोरेघ तुम्ही हवी तशी पुढे नेऊ शकता. साधनातल्या आकारांमधून साधा आयत घ्या. त्याची उंची 'मराठवाडा'च्या शिरोरेघेच्या जाडीएवढी करा, रंग अगदी तोच द्या, आणि डा-च्या उजव्या टोकापासून पानाच्या उजव्या कडेपर्यंत ओढा. शब्द रेघेला टांगल्यासारखा दिसतो आणि रेघ पानाबाहेर चालली आहे असं वाटतं. साधा Khand एकदम तुमच्या हातचा होतो. दोन गोष्टी सांभाळा. आयत शिरोरेघेला नुसता टेकवू नका, आठ-दहा पिक्सेल आत घुसवा, नाहीतर उतरवलेल्या चित्रात सांध्यावर केसाएवढी पांढरी रेघ उमटते. आणि जुळलं की शब्द व आयत यांचा ग्रुप करा, म्हणजे पुढे आकार बदलला तरी दोघं बरोबरच बदलतील. हे Khand, Mukta, Teko यांत जमतं, कारण त्यांची रेघ सरळ आणि सपाट आहे. Yatra Oneचा तिरका कट किंवा Baloo 2ची गोलाई इथे साथ देत नाही, जोड उघडा पडतो. आणि एका पोस्टरवर एकाच शब्दाला करा.

साधनातल्या इफेक्टांपैकी दोन मराठीला घातक आहेत. एक म्हणजे अक्षर वर्तुळात वळवणं. बरीच साधनं वळवताना एकेक अक्षर सुटं करून ठेवतात, मग वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे आणि शिरोरेघेचे तुकडे. दुसरा, अक्षरांची फक्त बाह्यरेषा काढणं. देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेघेपाशी एकमेकांत किंचित घुसलेली असतात. भरीव अक्षरात ते दिसत नाही, बाह्यरेषा काढली की प्रत्येक सांध्यावर आडव्या रेघेत उभ्या काड्या दिसतात. छायाचित्रावर अक्षर उठून दिसण्यासाठी किनार हवीच असेल, तर त्याच शब्दाच्या दोन प्रती करा. मागची प्रत जाड किनारीची, किनारीचा आणि अक्षराचा रंग एकच, म्हणजे काड्या त्यात बुडतात. पुढची प्रत भरीव, बिनाकिनारीची, बरोबर तिच्यावर. हे अगदी स्वच्छ येतं.

एवढं करूनही एखाद्या कार्यक्रमाला यादीतलं एकही अक्षर पुरं पडत नाही. फॉन्ट चढवण्याची सोय बहुधा पैसे भरणाऱ्यांना असते, पण चित्र चढवायला मोफत खात्यातही आडकाठी नसते. म्हणून हेडिंग चित्र म्हणून आणा. वाचनालयाच्या सभासदांत कोणाचं बोरूचं किंवा कट निबचं वळण चांगलं असेल, तर त्यांच्याकडून 'मुक्तिसंग्राम' एवढा एकच शब्द काळ्या शाईने पांढऱ्या कोऱ्या कागदावर मोठा लिहून घ्या. दिवसा खिडकीपाशी, कागदावर स्वतःची सावली न पाडता, वरून सरळ फोटो काढा. संगणक असेल तर Inkscape हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फोटो आणून Trace Bitmap करा, पांढरा कागद मागे राहतो आणि काळं अक्षर सुटं मिळतं. ते पारदर्शक पार्श्वभूमीच्या PNGमध्ये उतरवून पोस्टर-मेकरमध्ये चढवा. संगणक नसेल तर फोटोचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवून कागद पूर्ण पांढरा करा आणि पोस्टरचा वरचा भागही पांढराच ठेवा, कागदाची कड दिसत नाही. हाताचं अक्षर एकच शब्द असावं. त्याच्याखाली Mukta शांतपणे उभा राहतो.

छपाईबद्दल एकच, पण ते विसरू नका. पोस्टर मोठं छापायचं असेल तर PDF देताना काळजी घ्या. फ्लेक्सवाले ती CorelDRAWमध्ये उघडतात. त्यात मजकूर मजकूर म्हणूनच उघडला गेला तर युनिकोड मराठीची जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या उडून दुसऱ्या अक्षरावर बसतात. लातूरला डीटीपी करताना माझा एक दहा फुटी फलक असाच गेला. पडद्यावर मी तपासलेला होता, छापून आला तेव्हा 'विद्यार्थ्यांना'मधला रफार भलत्याच अक्षरावर आणि अनुस्वार गायब. रात्री पुन्हा छापावा लागला. तेव्हापासून मी दुकानदाराला आधी सांगतो की उघडताना Curves निवडा, आणि सोबत मोठ्या आकाराचं PNGही देतो. ए-थ्रीसाठी लांब बाजू किमान २५०० पिक्सेल हवी, १०८०चं चित्र तिथे फाटतं. तुमच्या १०८० बाय १३५०च्या पानाचं प्रमाण ए-थ्रीपेक्षा थोडं आखूड आहे, म्हणून छपाईसाठी वेगळं पान घेऊन ग्रुप केलेलं हेडिंग त्यावर मोठं करून बसवा आणि उरलेली उंची तळाच्या मजकुराला मोकळी जागा म्हणून द्या. PNG व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान केलं जातं. आणि दुकानात जाऊन त्यांच्या पडद्यावर 'क्ति', 'ऱ्यां' आणि 'स्त्रि' ही तीन अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापा म्हणू नका.